पॉवरवॉश करायच्या आधी हे वाचा

«४ जीबी रॅमचं क्रोमबुक आहे आणि एक साधा टॅबलेट. यांवर गेम इन्स्टॉल करून खेळता येतात, की स्ट्रीमिंगच करावं लागतं? लिनक्सवाला गेम उघडतच नाही, सपोर्टवाले पॉवरवॉश करा म्हणतात.»

पॉवरवॉश, म्हणजे मशीन पूर्ण पुसून नव्यासारखं करणं, अजून केलं नसेल तर कृपया थांबा. तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला माझेच ते दिवस आठवले.

माझ्याकडेही ४ जीबीचंच क्रोमबुक होतं. क्रोमबुकवर लिनक्स चालतं म्हणजे लिनक्सचा कुठलाही गेम चालणार, असं धरून मी एक गेम विकत घेतला. तो उघडेना. खिडकी क्षणभर दिसायची आणि नाहीशी व्हायची. ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांच्या मदतकेंद्राला फोन केला, तर तिघांशी बोलूनही एकच उत्तर मिळालं, पॉवरवॉश करा. प्रोसेसर कोणता, हे एकानेही विचारलं नाही. मी पॉवरवॉश केलं. गेम चालला नाहीच, वर मुलीने आठ महिने बांधलेलं माइनक्राफ्टचं जग गेलं. ते ड्राइव्हवर जात नाही, मशीनमध्येच राहतं, आणि पॉवरवॉश मशीनमधलं सगळं पुसतं: डाउनलोड, अँड्रॉइड अ‍ॅपमधला डेटा, लिनक्स, सगळं. तिला हे सांगायला गेलो तो क्षण मी विसरलेलो नाही. मदतकेंद्रावरचा रागही अजून गेलेला नाही.

खरं कारण एका ओळीत सापडलं असतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये हे टाका:

```
uname -m
```

उत्तर `x86_64` आलं तर प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचा. `aarch64` आलं तर एआरएम, म्हणजे बहुधा मीडियाटेक किंवा स्नॅपड्रॅगन. संगणकासाठी विकले जाणारे लिनक्सचे गेम जवळजवळ सगळे पहिल्या जातीसाठी बांधलेले असतात, ते दुसऱ्या जातीवर थेट चालत नाहीत. तुमचा गेम आयकनवरून न उघडता टर्मिनलमधून चालवून बघा. `Exec format error` दिसलं तर हाच घोळ आहे आणि कितीही वेळा पॉवरवॉश केलं तरी तो सुटणार नाही. बॉक्स६४ सारखी साधनं मधे भाषांतराचं काम करतात, पण ४ जीबीत त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत आहे.

प्रोसेसर `x86_64` असला तरी ४ जीबी हे मोठं बंधन आहे. लिनक्स आत वेगळ्या कप्प्यात चालतं आणि त्याच ४ जीबीतला वाटा घेतं. जुने, द्विमितीय गेम निभतात, त्रिमितीय गेमचा हट्ट करू नका. जुन्या व्हिडिओंमध्ये क्रोमबुकवर स्टीम टाकून दाखवतात. ती खास चाचणी आवृत्ती १ जानेवारी २०२६ पासून बंद झाली आहे, त्यात वेळ घालवू नका.

मग मशीनवरच खेळायचं तर काय? प्ले स्टोअरमधले अँड्रॉइड गेम. एकाच गेमची संगणकाची आणि अँड्रॉइडची अशा दोन्ही आवृत्त्या असतील तर तुमच्यासारख्या मशीनवर अँड्रॉइडचीच घ्या. स्टारड्यू व्हॅलीचं उदाहरण घ्या: त्याची लिनक्स आवृत्ती एआरएमवर नाही चालणार, अँड्रॉइडची चालेल. मात्र संगणकाच्या आवृत्तीसाठी भरलेले पैसे तिथे धरले जात नाहीत, पुन्हा घ्यावी लागते.

मोठे गेम मात्र स्ट्रीमिंगनेच. जीफोर्स नाऊ किंवा एक्सबॉक्स क्लाउड असेल तर गेम त्यांच्या सर्व्हरवर चालतो, तुमचं मशीन नुसता व्हिडिओ दाखवतं, त्यामुळे प्रोसेसरची जात आड येत नाही. जीफोर्स नाऊला ७२० पी चित्रासाठी १५ एमबीपीएस लागतात. पूर्ण वेग वापरला तर तासाला पावणेसात जीबीच्या आसपास डेटा जातो, मोबाइलच्या डेटावर खेळणार असाल तर हे आधी धरा. आणि वेगाच्या आकड्यावर जाऊ नका. वेग भरपूर असूनही बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारत असेल तर आधी वायफाय ५ गिगाहर्ट्झवर घ्या, तरीही झालं नाही तर केबल जोडा. माझ्याकडे सगळा फरक केबलनेच पडला. तुमच्या घरातलं अंतर, भिंती वेगळ्या असतील, त्यामुळे पैसे भरायच्या आधी फुकटच्या सत्रात तपासा.

टॅबलेटलाही हेच लागू. फक्त तिथे रॅमआधी जागा संपते, आणि मेमरी कार्ड टाकलं तरी प्रत्येक गेम कार्डावर हलत नाही. गेम टाकण्याआधी मोकळी जागा बघा.

पॉवरवॉश करायचंच ठरवलंत तर आधी लिनक्सच्या सेटिंगमधून बॅकअप घ्या. नावाच्या शेवटी `.tini` असलेली फाइल तयार होते, ती पेनड्राइव्हवर ठेवा, डाउनलोडमध्ये नको. त्यात फक्त लिनक्स येतं. अँड्रॉइड गेममधली जगं त्यात येत नाहीत, ती त्या त्या गेममधून वेगळी एक्स्पोर्ट करा आणि फाइल खरंच पेनड्राइव्हवर आली आहे का हे उघडून बघा.