आधी पाय कसा आहे ते सांगा, मग आभार माना

प्रश्न: हायवेवर अपघात झाला तेव्हा एका अनोळखी माणसाने खूप मदत केली. त्याचा नंबर मिळालाय. आभाराचा छोटा मेसेज कसा लिहू? कोरडाही वाटू नये आणि फार गोडगोडही नको.

मी असा मेसेज दोनदा लिहिलाय. पहिला लिहिल्याची अजून लाज वाटते, म्हणून हे उत्तर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी, म्हणजे आमच्या सोलापूर जिल्ह्यात उसाचा हंगाम. वडिलांना डोळ्याच्या तपासणीसाठी मोहोळकडच्या गावातून मोटारसायकलवर सोलापूरला आणत होतो. लवकरचा नंबर लागावा म्हणून पहाटेच निघालो. सावळेश्वरचा टोलनाका मागे पडला आणि पुढे उसाची ट्रॉली. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, वरून ऊस लोंबतोय. ती दिसली तेव्हा ब्रेक मारण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. गाडी घसरली. मला खरचटलं, पण वडिलांची पोटरी कशाने तरी उभी फाटली. माझा मोबाईल फुटला. ट्रॉलीवाल्याला कळलंही नसेल, तो गेला निघून.

तीन-चार गाड्या वेग कमी करून बघून गेल्या. मग कांद्याची पोती भरलेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा, चाळिशीचा. त्याने खांद्यावरचा टॉवेल घडी करून जखमेवर दाबला आणि माझा हात त्यावर ठेवून म्हणाला, "दाबून धर. उचलून बघायचं नाही." मी तरी दोनदा उचलायला गेलो, दोन्ही वेळा त्याने हातावर चापट मारली. टॉवेल भिजला तेव्हा तो न काढता त्याच्यावरच माझा शर्ट ठेवायला लावला. १०८ ला फोन लावला, पण गाडी यायला वेळ लागेल असं कळल्यावर तिची वाट न बघता वडिलांना पोत्यांवर आडवं केलं आणि थेट सोलापुरात दवाखान्यात आणलं. त्याच्याच मोबाईलवरून मी बहिणीला फोन केला. नंबर मिळाला तो त्या कॉलमुळे. नाव विचारलं तर "कशाला ते" म्हणून निघून गेला. कांदा यार्डात लिलावाआधी पोचवायचा होता.

टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कापड कुणी दाबलं? सारखं उचललं असतं तर धरलेली गुठळी सुटून परत रक्त वाहिलं असतं, म्हणाले.

आता मेसेजचं. अकराव्या दिवशी माझ्या दाजींनी मजकूर सांगितला आणि मी तसाच पाठवला: "आपण देवदूतासारखे धावून आलात, आपले ऋण शब्दांत व्यक्त करणे अशक्य, ईश्वर आपणास उदंड आयुष्य देवो." सोबत दोन हजार रुपये त्याच नंबरवर. दहा मिनिटांत दोन हजार परत आले आणि खाली एकच ओळ: "म्हाताऱ्याचा पाय कसा हाय?"

अकरा दिवस तो माणूस हाच विचार करत असणार. आणि मी तीन ओळींत देव, ऋण, आयुष्य सगळं घातलं, पाय सोडून. मदत करणारा दवाखान्याच्या दारातून परत फिरतो, पुढचं त्याला कुणी सांगत नाही. म्हणून पहिल्या वाक्यात रुग्णाचं सांगा. बाकी सगळं नंतर. माणूस गेला असेल तरी सांगा, पण तो मजकूर लिहून पाठवू नका, फोन करा.

दुसरा मेसेज मी स्वतः लिहिला:

"अण्णा, वडिलांचा पाय वाचला. चौदा टाके पडले, कालपासून काठी घेऊन अंगणात चालतायत. तुम्ही टॉवेल उचलू दिला नाही म्हणून रक्त थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या हातच्या चापट्या लक्षात आहेत. तुमचा टॉवेल वाया गेला, नवा आणून द्यायचाय. यार्डात कधी असता? – पोत्यांवर झोपवलेल्या म्हाताऱ्याचा मुलगा."

एवढंच. त्याने जे नेमकं केलं ते एक वाक्य हवं, कारण 'देवदूत' कुणालाही म्हणता येतं, 'टॉवेल उचलू दिला नाही' हे त्यालाच. आणि खाली ओळख अशी द्या की त्याला पटकन आठवेल. तुमचं आडनाव त्याला काय सांगणार? त्याला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत होतं, म्हणून हेच बोलून व्हॉइस मेसेजही पाठवला. सोलापुरात घरची भाषा कन्नड किंवा तेलुगू असणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, लिहिण्यापेक्षा बोललेलं बरं पडतं.

पैशाचं सांगतो. रोख त्याने परत केले, पण दोन टॉवेल घेतले, तेही हसून. माझ्या मते मदतीची किंमत लावली की माणूस दुखावतो, खर्च झालेली वस्तू भरून दिली तर नाही. दाजींना हे पटत नाही. "गरीब माणूस आहे, दोन हजार कमी वाटले असतील" असं ते अजून म्हणतात.

दाजींचा दुसरा पराक्रम मोठा. दवाखान्याबाहेर त्यांनी पिकअपचा फोटो काढला होता. तो नंबरप्लेटसकट फेसबुकवर टाकला, "माणुसकी जिवंत आहे" वगैरे. चार दिवसांनी अण्णांचा फोन, "ते काढा हो." पोस्ट फिरत फिरत गाडीमालकापर्यंत गेली होती. त्याने विचारलं, त्या दिवशी लिलाव चुकला तो यामुळे का? मला टायर पंक्चर सांगितलं होतंस! हातावर पोट असलेला माणूस खोटं बोलला होता, आणि ते आम्ही उघडं पाडलं. दाजींचं म्हणणं, जाहीर कौतुक केल्याशिवाय लोक पुढे येत नाहीत. अहो, तो कौतुक न होता पुढे आला होता! कायदाही नाव सांगण्याची सक्ती करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्याला नाव-पत्ता देण्याची बळजबरी पोलीस किंवा दवाखाना करू शकत नाही. पोलिसांना जे बळजबरीने विचारता येत नाही ते तुम्ही फेसबुकवर कशाला छापता?

हां, एक राहिलं. गंभीर जखमीला वेळेत दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीस देतं, २०२१ मध्ये ते पाच हजार होतं, आता पंचवीस हजार झालंय. त्यासाठी नाव द्यावंच लागतं. म्हणून आधी त्यालाच विचारा, आणि आभाराच्या मेसेजमध्ये नको, वेगळं विचारा. विम्याच्या दाव्यात साक्षीला येता का, हेही त्याच मेसेजमध्ये घालू नका. आभाराखाली काम चिकटवलं की आभार कामासाठीच होते असं वाटतं. आणि महिलेने मदत केली असेल तर व्हॉइस मेसेज, भेट वगैरे माझं सगळं तसंच्या तसं उचलू नका, दोन ओळी लिहून थांबा.

अकरा दिवस थांबू नका हे वेगळं सांगायला नको. उशीर झालाच असेल तर उशिराची कारणं न देता पाय कसा आहे ते सांगा.

अण्णांचं उत्तर व्हॉइसमध्येच आलं होतं, मागे यार्डातला गोंगाट: "गुरुवारी पहाटे या. म्हाताऱ्याला पण आणा, चालताना बघतो."