काटेरी तारेच्या कुंपणाचा फुटाला खर्च किती?

प्रश्न: 2 गुंठ्यांच्या प्लॉटला खांब, तार, गेट, मजुरी धरून रनिंग फुटाला किती पडेल?

गेट सोडून फुटाला साधारण 112 रुपये, गेट धरून 182. हिशोब मी असाच काढतो, खाली मांडलेले दर मात्र तुमच्या गावचे घाला.

प्लॉट 33 बाय 66 फूट म्हणजे घेर 198. त्यातून 10 फुटी गेट वजा केलं की 188 फूट कुंपण उरतं. दर 8 फुटांवर एक असे 25 सिमेंटचे खांब लागतात. शिवाय प्रत्येक कोपऱ्याला दोन आणि गेटच्या दोन्ही खांबांना एकेक, असे 10 तिरपे टेकू. एकूण 35 नग. खांब 300 रुपये, खड्डा, काँक्रीट आणि मजुरी नगामागे 200, म्हणजे 17,500. पाच ओळी तार, गुंडाळणं धरून 315 मीटर. 12 गेजची तार किलोला 9 मीटरच्या आसपास भरते, तेव्हा 35 किलो, 100 रुपयांनी 3,500. लोखंडी गेट 15,000.

ठेकेदार 85 रुपये फूट म्हणाला तर आधी टेकू विचारा, ते गाळले की बरोबर तेवढाच आकडा येतो. मग तार ताणली की कोपऱ्याचा खांब आत झुकतो आणि पहिल्या पावसाळ्यातच ओळी लोंबतात. काळ्या मातीत खड्डा दोन फुटांपेक्षा खोल लागतो, तिथे नगामागचे 200 पुरणार नाहीत.