ही, च, तर आणि बरे: काढून टाकलं की काय जातं?

प्रश्न: मराठीत ही, च, तर, बरे हे निपात वाक्यात नेमकं काय बदलतात? काढून टाकले तर अर्थ तोच राहतो ना? आणि व्याकरणात यांची जात कोणती?

अर्थ तोच राहत नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण एका ‘ही’पायी माझ्यावर संशय आला होता.

मी आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो. वार्षिक सभेआधी कीर्दवही आणि बँकेचं पासबुक मी अध्यक्षांकडे दिलं होतं. टाकी धुण्याच्या आणि पंपदुरुस्तीच्या पावत्या तेवढ्या लेखापरीक्षकांकडे होत्या. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, ‘खजिनदारांनी पावत्याही दिल्या नाहीत.’ मी म्हटलं, ‘ही’ काढा. ते म्हणाले, “एका अक्षराचा एवढा कसला बाऊ?”

‘पावत्या दिल्या नाहीत’ एवढंच असतं तर ते खरं होतं, मी सही केली असती. पण ‘ही’ ज्या शब्दाला लागतो त्याच्या आधी आणखी काहीतरी आहे असं गृहीत धरायला लावतो. वाचणारा लगेच विचारतो, मग आणखी काय दिलं नाही? हिशेब? पासबुक? वर ‘साध्या पावत्यासुद्धा नाहीत’ अशी छटा येते ती वेगळीच. वाक्यात आरोपाचा एक शब्द नाही, तरी आरोप पूर्ण झाला. इतिवृत्त वाचून दोन सभासदांनी मला जिन्यात थांबवून पासबुकाबद्दल विचारलं.

त्याच जागी ‘च’ असता तर? ‘पावत्याच दिल्या नाहीत’ म्हणजे बाकी सगळं मिळालं, नेमक्या पावत्या राहिल्या. हे मला चाललं असतं, कारण घडलं तसंच होतं. मात्र ‘च’ ज्याला चिकटेल त्यालाच वेगळा काढतो, म्हणून त्याची जागा फार महत्त्वाची. ‘खजिनदारांनीच पावत्या दिल्या नाहीत’ म्हणजे इतरांनी आपापलं दिलं, ज्याचं कामच होतं त्याने दिलं नाही. ‘पावत्या दिल्याच नाहीत’ म्हणजे कोणीतरी ‘दिल्या’ म्हणत होतं, ते खोडून काढलं. नामाला लागलेला ‘च’ वस्तू किंवा माणूस निवडतो, क्रियापदाला लागलेला ‘च’ घडल्या-न घडल्यावर शिक्का मारतो. ‘त्याच्याच घरी’ आणि ‘त्याच्या घरीच’ ही जोडी म्हणून पाहा: पहिल्यात दुसऱ्या कोणाच्या घरी नाही, दुसऱ्यात घराबाहेर कुठे नाही.

‘तर’चं काम निराळं. ‘पावत्या तर दिल्या’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या ‘पण’ची वाट पाहतो. पुढे काही बोललं नाही तरी काहीतरी राहिलंय हे कळतं. नकारात ‘पावत्या तर दिल्याच नाहीत’ म्हटलं, तर ‘वर आणखी…’ असं काहीतरी पुढे येणार.

‘बरे’, बोलण्यात ‘बरं’, घडलेल्या गोष्टीला हातच लावत नाही. तो बोलणाऱ्याचं ऐकणाऱ्याशी नातं दाखवतो. ‘पावत्या द्या बरं’ यात आर्जव आहे आणि आग्रहही. ‘पावत्या दिल्यात बरं का’ ही जाणीव करून देणं झालं. ‘पावत्या कुठे बरं गेल्या असतील?’ हे स्वतःशीच. ‘बरं, द्या’ मधला ‘बरं’ मात्र नुसता होकार, तो या खात्यात धरू नका.

जातीचं म्हणाल तर शालेय व्याकरणात ‘ही’ आणि ‘च’ शुद्ध शब्दयोगी अव्ययांत येतात. त्यांच्यामुळे नामाचं सामान्यरूप होत नाही: घरात, पण घरही, घरच. जर-तरमधला ‘तर’ उभयान्वयी, होकाराचा ‘बरे’ केवलप्रयोगी. परीक्षेत तेच लिहा. मला ही विभागणी अपुरी वाटते, कारण जोर कुठे पडतो हे त्यातून कळत नाही.

आणि ‘ही’ जोडूनच लिहा. ‘मी ही येतो’ असं तोडणं चूक आहे. शिवाय हिंदीतला ‘ही’ म्हणजे आपला ‘च’, आणि आपला ‘ही’ म्हणजे त्यांचा ‘भी’. हिंदीवरून भाषांतर करणारे इथे घसरतात आणि ‘मीच जाईन’ असायला हवं तिथे ‘मीही जाईन’ छापून येतं.

एक सांगायचं राहिलं: प्रत्येक ‘च’ असा जोरदार नसतो. ‘लगेच’, ‘उगाच’ यांत तो शब्दातच मुरलाय. आणि बोलताना नुसत्या आघातानेही यातलं बरंच काम होतं. इतिवृत्तात आवाज नसतो, तिथे सगळा भार अक्षरावर.

तुम्ही कुठल्याही समितीवर असाल तर ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ या विषयाला मान डोलावू नका. ‘ही’ खटकला तर तिथेच हरकत घ्या आणि ती हरकतही लिहून घ्यायला लावा. मी तसंच केलं. पुढच्या सभेत ‘ही’ वगळल्याची नोंद झाली. सचिव आजही तो शब्दच्छल होता म्हणतात. मग काढताना इतकी खळखळ का केली, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.