५० मेगापिक्सेलचा फोन, साडेबाराचा फोटो

प्रश्न (निपाणीहून): नवीन फोनच्या खोक्यावर ५० मेगापिक्सेल लिहिलंय, पण फोटो १२ मेगापिक्सेलचेच निघतात. दुकानदारानं फसवलं काय? ५० कायम चालू ठेवू का? आणि एचडीआर, ग्रिड, ब्युटीचं काय करायचं?

उत्तर:

दुकानदारावर राग धरू नका, फोन बरोबर चाललाय. सेन्सरवर पाच कोटी ठिपके खरंच आहेत, पण एकेक ठिपका मायक्रॉनभर किंवा त्याहूनही लहान. एवढ्याशा जागेत प्रकाश मावणार तो किती? म्हणून अशा सेन्सरवर शेजारच्या चार ठिपक्यांवर एकाच रंगाचा फिल्टर बसवलेला असतो आणि फोन त्या चौघांचा मिळून एक ठिपका धरतो. पन्नासाला चारानं भागा, साडेबारा येतात. गॅलरीत फोटोची माहिती उघडलीत तर साधारण ४०८० × ३०६० असा आकडा दिसेल.

‘50MP’ चं बटण दाबलं की हे चौघे सुटे होतात. मग प्रत्येक जागी कुठला रंग होता हे फोनला बऱ्याच अंशी अंदाजानं भरावं लागतं. भर उन्हात तो अंदाज चांगला जमतो, अंधारात फसतो.

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत जाऊन हे स्वतः बघा. १२०४ सालचं हे जैन मंदिर, आत काळसर दगडाचे तुळतुळीत खांब, वर छताला दगडी कमळ, आणि दारातून येणारं झगझगीत ऊन. खांब आणि दार दोन्ही येतील असं उभं राहून आधी नेहमीच्या मोडमध्ये आणि मग तिथूनच ५० मध्ये फोटो काढा. दोन्हीत खांबाचा तोच भाग पडद्यावर सारख्याच आकाराचा दिसेल इतका मोठा करा, नाहीतर तुलना चुकते. ५० वाल्यात खांबाच्या सावलीत रंगीत दाणे दिसतील, कडा हललेल्या असतील आणि दाराची जागा बहुधा पांढरीफटक झालेली असेल.

दार पांढरं होण्यामागं एचडीआर बंद पडणं आहे. एचडीआरमध्ये फोन पाठोपाठ अनेक फोटो घेतो, काही उजेडाला बेताचे, काही अंधाराला, आणि ते जोडून एक करतो. पाच कोटी ठिपक्यांचे असे अनेक फोटो झटक्यात जोडणं जड जातं, म्हणून बऱ्याच फोनमध्ये ५० लावलं की एचडीआर बंद पडतं किंवा अर्धवट चालतं. एचडीआर ‘ऑटो’वर ठेवा आणि विसरून जा. विसर्जनात लेझीम खेळणाऱ्यांचे हात दुहेरी यायला लागले तरच तेवढ्यापुरतं बंद करा. हलणाऱ्या माणसांचे अनेक फोटो जोडताना असं होतं.

माझं काम फोटो छापायचं, त्यामुळं मोजमाप सांगतो. इंचाला ३०० ठिपके धरले तर ८ × १२ च्या फोटोला २४०० × ३६०० पुरतात. साडेबारातच ते बसतं. भिंतीवरच्या १२ × १८ ला इंचाला सव्वादोनशेच्या आसपास मिळतात; लांबून बघायच्या फोटोला तेही चालतं. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर प्रश्नच मिटला, ते तसंही फोटो आवळून टाकतं.

मग ५० कशाला? घरातल्या जुन्या कागदांना. आजोबांच्या वेळचं खरेदीखत, मोडीतला कागद, गावाचा नकाशा, ज्यात बारीक अक्षर वाचायचंय आणि कागद हलणार नाही. सकाळी दहा-अकराला पडवीत, थेट ऊन न पडणाऱ्या पण भरपूर उजेडाच्या जागी कागद ठेवा, फोन दोन डब्यांवर आडवा टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. ग्रिडचा खरा उपयोग मला इथंच वाटतो: कागदाची कड रेघेला समांतर आली की अक्षरं तिरकी येत नाहीत. रेघा फोटोत उमटत नाहीत, तेव्हा ग्रिड कायम चालू असू दे. ५० मात्र काम झालं की बंद करा. एकेक फोटो दहा-पंधरा एमबी खातो.

ब्युटी सरळ शून्यावर आणा. सेल्फी कॅमेऱ्यात ती पुष्कळदा आधीपासून चालू असते. त्वचेवरचे बारीक फरक पुसायचे एवढंच तिला ठाऊक, मग सुरकुतीबरोबर गालावरचा तीळ आणि गोंदणही फिकं होतं. पडद्यावर छान वाटतं, पण छापल्यावर कपाळ मेणाचं दिसतं, आणि फोटोतून गेलेलं नंतर परत आणता येत नाही. फॉर्मला लावायच्या फोटोला तर मुळीच नको. काही फोनमध्ये पोर्ट्रेट मोडची ब्युटी वेगळी असते, तिचाही आकडा तिथं जाऊन वेगळा शून्य करावा लागतो.