गोधडी धुताना टाक्यांचा दोष काढण्याआधी आत बघा

प्रश्न: आईने जुन्या साड्यांची गोधडी आणि कापसाची एक रजई दिली आहे. धुतल्यावर आत गोळे होतात म्हणतात. मशीनमध्ये टाकू का? वाळवायची कशी?

रजई मशीनमध्ये नाही, बादलीतही नाही. गोधडी धुवा, पण हाताने. या दोन वस्तूंना एकच नियम लावल्यामुळे माझ्या सासरी जो वाद झाला तो बारा वर्षं झाली तरी मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

लग्नात आईने मला स्वतः शिवलेली वाकळ दिली. वरखाली तिच्या दोन नऊवारी, मधे तीन-चार जीर्ण साड्या, आणि चौकटीत चौकट असे धावदोरे, दोन बोटांच्या अंतरावर. कापूस अजिबात नाही. एका मे महिन्यात मी माहेरी असताना मोठ्या जाऊबाईंनी घरातली सगळी पांघरुणं धुवायला काढली आणि आईची गोधडी व एक विकतची रजई एकत्र मशीनमध्ये टाकली. मी परत आले तेव्हा रजईच्या एका टोकाला उशीएवढा ढिगारा झाला होता आणि बाकी नुसतं कापड उरलं होतं. गोधडीच्या एका कोपऱ्यात दोरीसारखा पीळ बसला होता आणि तिथले दोरे उसवले होते. जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या आईचे टाके कच्चे आहेत गं." हे वाक्य मला फार लागलं. आईने ती गोधडी तीन महिने, दुपारचं जेवण उरकल्यावर बसून शिवली होती.

मी कडेची टीप उसवून आत पाहिलं. दोरा धडधाकट होता, मी ओढून पाहिला, तुटला नाही. फाटली होती ती मधली साडी. ती आधीच इतकी विरलेली होती की टाक्याच्या छिद्रापासून छिद्रापर्यंत चिरत गेली. मग मोकळ्या झालेल्या त्या चिंध्या मशीनच्या घुसळण्यात गुंडाळल्या गेल्या. त्यातच कोरडी गोधडी तीन किलोच्या आसपास, आणि पाणी प्यायली की एकट्या बाईला उचलवत नाही. पिळण्याच्या फेरीत हे सगळं ओझं एका बाजूला दाबलं जातं आणि ताण थेट टाक्यांवर येतो. म्हणजे साड्यांच्या गोधडीत गोळा होतो तो कापसाचा नसतो, मधल्या फाटलेल्या थराचा असतो. कोपऱ्याच्या बाहेर, जिथे मधली साडी शाबूत होती, तिथे एकही गाठ नव्हती. टाके कच्चे असते तर सगळीकडेच हीच गत झाली असती.

रजईचं कारण वेगळं. पिंजलेल्या कापसात तंतूंच्या मधे हवा असते म्हणून तो फुगलेला राहतो. पाण्यात हवा निघून जाते, तंतू एकमेकांना चिकटतात, हलवलं की गुंततात, आणि वाळल्यावर तसेच घट्ट बसतात. त्यात त्या रजईचे टाके वीतभर अंतरावर होते, म्हणून कापसाला सरकायला मोकळं रान मिळालं. तुमच्या रजईला डाग पडला असेल तर त्या जागेखालचा कापूस बोटांनी बाजूला सारा, नुसतं कापड चिमटीत घेऊन बुडाशी दोऱ्याने आवळून बांधा आणि तेवढंच धुवा. पूर्ण रजई मळली असेल तर टाके काढा, कापूस बाहेर काढून उन्हात टाका, खोळ धुवा, आणि पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेऊन परत भरा. चुकून भिजलीच तर पिळू नका. आडवी पसरा, आणि पुरती वाळण्याआधी, हाताला नुसती दमट लागते तेव्हा, कापडाच्या वरूनच बोटांनी गाठी मोकळ्या करत बसा. एकदा कडक झाल्या की त्या वरून सुटत नाहीत.

आता गोधडी. आधी जमिनीवर पसरून दोन्ही हात फिरवा. जिथे दोरा सुटलाय तिथे धुण्याआधी टाका घाला, धुतल्यावर नाही. ओला पांढरा फडका प्रत्येक तुकड्यावर घासून बघा. जुन्या साड्यांचा रंग बहुतेक निघून गेलेला असतो, पण कडेला लावलेली लाल पट्टी नवी असली तर फसवते. रंग लागला तर भिजत ठेवू नका. नसेल तर साध्या पाण्यात, नेहमीच्या निम्म्या साबणात पंधरा-वीस मिनिटं, मग टबात उभं राहून पायाने तुडवा. धोपटणं नको, ब्रश नको. पाण्यावर फेस यायचा थांबेपर्यंत खळबळा, बहुधा तीन-चार पाणी लागतात. साबण आत राहिला तर गोधडी कडक होते.

खरं नुकसान इथून पुढे होतं. टबातून उचलताना टोक धरून ओढू नका. खाली जुनी चादर सरकवा आणि दोघींनी चादरीसकट उचला. उताराच्या फरशीवर घडी घालून तासभर निथळू द्या, वरून तळव्याने दाबा, पिळू मात्र नका. नंतर दोरीवर वाळत घालायची असेल तर एका दोरीवर कधीच नाही, कारण सगळं वजन मधल्या एका रेषेवर येतं आणि त्या रेषेतलेच टाके जातात. तीन-चार दोऱ्या शेजारी शेजारी बांधा किंवा सरळ बाजेवर पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. दर दोन तासांनी उलटा. वरचा थर दुपारपर्यंत वाळल्यासारखा वाटतो, मधला वाळत नाही. सावलीत आणून निवू द्या आणि गाल टेकवा. गार लागली तर आत ओल आहे, दुसऱ्या दिवशीचं ऊन द्या. ओल राहिलेली घडी कपाटात गेली की कुबट वास धरते. म्हणून पावसाळ्यात गोधडी धुवायला काढूच नये.

आईची गोधडी मी दुरुस्त केली ती अशी: चिंध्या बाहेर काढल्या, त्या जागी जुन्या सुती साडीचा तेवढाच तुकडा सपाट अंथरला आणि आईच्याच रेघेवर दोरे घातले. नंतर ती सहा वेळा धुतली आहे, हाताने, कुठेही पीळ नाही. टाके आईचेच आहेत, एका कोपऱ्याशिवाय.

तीन गोष्टी राहिल्या. काही गोधड्यांत साड्यांच्या मधे कापसाचा पातळ थर घालतात. कोपरा चिमटीत धरून चोळा, आत थर एकमेकांवर घसरले तर साड्या आहेत, मऊ फुगीर लागलं तर कापूस, आणि मग ती रजईसारखी सांभाळा. रेशमी किंवा जरीचे तुकडे असतील तर पाण्यात घालू नका. आणि बाळाचं छोटं दुपटं, नव्या कापडाचं, दाट टाक्यांचं असेल तर जाळीच्या पिशवीत घालून मशीनच्या हलक्या फेरीत चालतं. एवढं मी जाऊबाईंच्या बाजूनेही मान्य करते.