धडधड टेन्शनची की थायरॉइडची?

"काही महिन्यांपासून छाती सारखी धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही. वजनही उतरलंय. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. खरंच टेन्शनच असेल का?"

ताई, आधी थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. टेन्शनचं त्यानंतर बघू.

चिंतेवर उपाय हवा म्हणून ३४ वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. धडधड कधी थांबते, असं विचारलं तर म्हणाल्या, "रात्री जाग आली तरी चालूच असते." तिथेच मला शंका आली. चिंतेची धडधड सहसा येते आणि ओसरते, शांत झोपेत नाडी खाली येते. मी त्यांना सकाळी अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजायला सांगितलं. ती रोज १०५च्या आसपास भरत होती. भूक वाढलेली, तरी वजन सात किलोंनी घटलेलं. घाबरलेल्या माणसाचे तळवे बहुतेक वेळा गार आणि ओले असतात. यांचे गरम आणि दमट होते. हात समोर ताणून बोटांवर कागद ठेवला तर त्याची कड बारीक थरथरत राहिली. यातलं एकेक लक्षण काहीच सिद्ध करत नाही, पण सगळी एकत्र दिसल्यावर मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं.

थायरॉइडला काम करायला लावणारं टीएसएच हे हार्मोन आलं ०.०१, साधारण ०.४ ते ४ असायला हवं. रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त झालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडणं जवळजवळ बंद करते, म्हणून हा आकडा खाली जातो. 'कमी आलंय म्हणजे थायरॉइड मंद' असा उलटा अर्थ पुष्कळजण लावतात. सोबत थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स, म्हणजे फ्री टी४ आणि टी३, दोन्ही तपासा, कारण कधीकधी टी४ नॉर्मल असतं आणि टी३ एकटंच वाढलेलं असतं.

रक्त देण्याआधी डॉक्टरांनी त्यांना केसांच्या गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. अशा गोळ्यांतल्या बायोटिनमुळे काही लॅबच्या पद्धतींत टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं. निरोगी माणूसही रिपोर्टवर आजारी ठरू शकतो. गोळ्या किमान दोन दिवस आधी थांबवतात, डोस मोठा असेल तर आणखी आधी.

मग कारणाचा शोध. त्यांची टीआरएबी ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे ग्रेव्हज आजार. यात शरीराच्याच अँटिबॉडी थायरॉइडला जास्त हार्मोन बनवायला लावतात. टीआरएबी निगेटिव्ह असती तर थायरॉइडचा स्कॅन केला असता (गरोदरपणात तो करत नाहीत). ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन नुसतं सांडत असेल तर स्कॅनमध्ये ग्रंथी फिकी दिसते. तो त्रास बहुधा आपोआप ओसरतो आणि त्याला ग्रेव्हजच्या गोळ्या लागू पडत नाहीत.

नाडी अनियमित लागत असेल, धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता आजच दवाखान्यात जा आणि ईसीजी काढून घ्या.