पाच गुण, रोज रात्रीचा फोन आणि हरवलेला कुत्रा

«मी सिंधुदुर्गात बावीस वर्षे दिवाणी बाजूला वकिली करतो. मुलगी मुंबईत कायद्याच्या चौथ्या वर्षाला असून एका सत्रासाठी जर्मनीत गेली आहे. विषय इंग्रजीतून शिकवतात. कराराच्या सराव पेपरात तिला १८ पैकी ५ गुण पडले. शेरा असा की 'निष्कर्ष आधी, तपासणी नाही'. मी पेपर वाचला, निवाडे बरोबर आहेत. सिव्हिल तर माझाच विषय! आपलाही कायदा संहितेतच आहे, मग अडलं कुठे? रोज रात्री फोनवर तिच्याकडून उत्तरं म्हणवून घेतो. पुढचा पेपर जुलैत आहे. तिला परत बोलावून न्यायाधीश परीक्षेच्या क्लासला घालावं का?»

वकीलसाहेब, तुमची मुलगी पास झाली आहे. जर्मन विधी परीक्षेत १८ गुणांची पट्टी असते आणि ४ ला उत्तीर्ण. तिथे ९ मिळाले तर मुलं घरी फोन करून सांगतात, १८ कुणी पाहिलेलेच नसतात. तुम्ही पाचाला अठराने भागून अठ्ठावीस टक्के काढले असणार आणि तेच तिला ऐकवलं असणार. आधी तो हिशेब मागे घ्या.

मला काळजी गुणांची वाटत नाही, रात्रीच्या फोनची वाटते. दिवसभर ती एका पद्धतीने लिहायला शिकते आणि रात्री तुम्ही तिच्याकडून दुसऱ्याच पद्धतीने म्हणवून घेता. सोबत पाठवलेली तिची दोन पानं मी वाचली. त्यात मला तिच्यापेक्षा तुमचाच आवाज जास्त ऐकू आला.

न्यायाधीश परीक्षेबद्दल एकच ओळ: २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली, हे तुम्हाला मी सांगायला नको, म्हणजे आज परत बोलावून एक दिवसही वाचत नाही.

आता 'सिव्हिल माझाच विषय' या वाक्याकडे येते. तुम्ही म्हणता ते सिव्हिल म्हणजे दिवाणी, फौजदारीच्या विरुद्ध. ती शिकते ते सिव्हिल लॉ म्हणजे रोमन परंपरेतून आलेली, संहितेभोवती बांधलेली अख्खी कायदापद्धती; त्यात फौजदारीही आलं. आपल्याकडेही करार कायदा १८७२ पासून कलमांत आहे हे खरं. पण आपण तो शिकतो निवाड्यांतून. कलम आठवायच्या आधी खटल्याचं नाव आठवतं, आणि पेपर तिथूनच सुरू होतो. जर्मन विद्यार्थी कलमातून सुरुवात करतो. १९०० पासून लागू असलेली त्यांची नागरी संहिता परीक्षेत समोर उघडी असते, म्हणून कलम पाठ असण्याला तिथे कौतुक नाही.

तिच्या पेपरातल्यासारखंच एक उदाहरण तुमच्याच भागातलं घेऊ. देवगडच्या एका बागायतदाराचा राखणीचा कुत्रा हरवला. त्याने एसटी स्टँडवर फलक लावला: कुत्रा आणून देणाऱ्यास १०,००० रुपये. चार दिवस समुद्रात असलेला एक खलाशी बंदरावर उतरला, त्याला कुत्रा दिसला, गळ्यातल्या पट्ट्यावरून त्याने मालक ओळखला आणि कुत्रा पोचवून आला. फलक दिसला दुसऱ्या दिवशी. बक्षीस मिळेल का?

तुमची मुलगी असं लिहिते: प्रस्ताव माहीत नसताना स्वीकार होत नाही, लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, अलाहाबाद १९१३, म्हणून बक्षीस नाही. आपल्या परीक्षकाला ही सुरुवात चालते. त्याला पुढे हवी असते झटापट: लालमन हा मुनीम होता, मालकाने त्याला आधीच पुतण्याला शोधायला पाठवलं होतं, ५०१ रुपयांचं बक्षीस नंतर जाहीर झालं, आपल्या खलाशावर असं कोणतंही कर्तव्य नव्हतं, मग तो निवाडा इथे लागू होतो का? फरक दाखवायचा, दोन्ही बाजूंनी बोलायचं, मग कौल द्यायचा. (जाता जाता: करार कायद्याचं कलम १६८ सांगतं की हरवलेली वस्तू परत देण्याबद्दल मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल, तर ती सापडलेल्या माणसाला त्यासाठी दावा लावता येतो. लालमनमध्ये हरवला होता मुलगा, वस्तू नव्हे. आणि या कलमात माहितीची अट शब्दांत कुठेही नाही. निवाडा पाठ असला की कलम नजरेतून निसटतं, ते असं.)

जर्मन परीक्षकाला हीच गोष्ट उलट्या बाजूने हवी असते. पहिलं वाक्य निष्कर्षाचं नाही, शक्यतेचं: 'खलाशाला बागायतदाराकडून नागरी संहितेच्या कलम ६५७ नुसार १०,००० रुपये मागण्याचा हक्क असू शकेल.' कोण, कोणाकडून, काय, कोणत्या कलमाखाली, हे चारही त्या एका वाक्यात येतं. मग कलमाच्या अटी एकेक करून तपासायच्या. पहिली अट जाहीर घोषणेची. 'जाहीर' म्हणजे ठरावीक व्यक्तींना नव्हे, अनिश्चित लोकांना उद्देशून. फलक स्टँडवर होता, येणारा-जाणारा कुणीही वाचू शकत होता. म्हणून घोषणा जाहीर होती. अट, तिचा अर्थ, त्या अर्थावर वस्तुस्थिती ठेवून पाहणं, आणि मग उत्तर: प्रत्येक पायरी याच क्रमाने. बक्षीस कबूल केलं का, काम पार पडलं का, यात वाद नाही. तिथे एकेक वाक्य पुरे, लांबवलं तर गुण जातात. खरा थांबा माहितीच्या मुद्द्यावर. आणि तिथे कलम स्वतःच म्हणतं की बक्षीस डोळ्यासमोर ठेवून काम केलं नसलं तरीही ते द्यावंच लागतं. मग घोषणा आधीच मागे घेतली होती का? तसं काही दिलेलं नाही. म्हणून हक्क आहे. उत्तर सगळ्यात शेवटी येतं.

पेपर इथेही संपत नाही. दुसरा दावा वेगळा तपासायचा: कलम ९७१ खाली सापडणाऱ्याचा मेहनताना, जो प्राण्यांबाबत किमतीच्या ३ टक्के. कुत्रा २०,००० चा धरला तर ६०० रुपये. फलक नसता तरी हा प्रश्न उठला असता. तुमच्या मुलीने तो घेतलाच नाही, कारण लालमन संपला की तिचा पेपर संपतो.

म्हणजे तिचं दोन ठिकाणी चुकलं. तिने विचारलं, करार झाला का? ६५७ ला करार लागतच नाही, ती एकतर्फी घोषणा आहे. स्वीकार शोधत बसायची गरजच नव्हती. आणि तिने निकालपत्रासारखं लिहिलं, आधी कौल, मग कारणं. न्यायाधीश तसंच लिहितात, तिथलेही. पण विद्यार्थ्याने लिहायचा असतो तपासणीचा अहवाल, ज्यात उत्तर अजून कुणाला माहीत नाही.

हे ओळखायची एक खूण तिला सांगा. स्वतःच्या पेपरात 'कारण' हा शब्द जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने गोल करायचा. तपासणीत 'म्हणून' येतं. 'कारण' आलं की समजायचं निकाल आधी लिहून झाला. त्या दोन पानांत मला अकरा गोल सापडले. सुरुवातीचा वस्तुस्थितीचा परिच्छेदही काढायला सांगा. परीक्षकाकडे प्रश्नपत्रिका आहे, त्याला तीच गोष्ट परत वाचायची नाही.

आणि तिने निवाडे अजिबात विसरू नयेत. मुंबईला परतल्यावर तेच लागणार आहेत. दोन वह्या, दोन पद्धती. कुत्र्याची ही गोष्ट तिने दोन्ही वह्यांत एकदा लिहून पाहावी, आणि तुमच्या नव्हे, तिथल्या शिक्षकांच्या हाती द्यावी.

जुलैपर्यंत रात्रीचा फोन तिच्या आईला करू द्या. जेवलीस का, एवढं विचारायला.